फोतोसँतेज, एका पानात

माझ्याकडे पार्ल्याला फ्रेंच शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांची बदली फ्रान्सला झाली. मुलगी इथली सहावी संपवून सप्टेंबरात तिकडच्या कोलेजात, सँकिएमच्या वर्गात बसणार होती. कोलेज म्हणजे साधारण अकरा ते पंधरा वयाच्या मुलांची शाळा. तिथे वर्ग उलटे मोजतात: आधी सिझिएम म्हणजे सहावा, मग सँकिएम म्हणजे पाचवा, शेवटी त्रुआझिएम. तिची आई मला म्हणाली, "ताई, दुकानात, रस्त्यात ती बोलून निभावेल. पण विज्ञानाच्या तासाला काय करणार? तिथे भाषाही फ्रेंच आणि विषयही फ्रेंचमध्ये." तेव्हा ठरलं की विज्ञानातला एकेक विषय एका पानात, तिला झेपेल अशा फ्रेंचमध्ये मी लिहायचा आणि ते पान तिने स्वतःच्या तोंडाने समजावून सांगायचं. पहिला विषय तिनेच निवडला, प्रकाशसंश्लेषण. तो तिने मराठीत नुकताच शिकलेला होता.

पानासाठी मी काही बंधनं घालून घेतली. वाक्यं छोटी, वर्तमानकाळातली. शब्द तेच, जे तिकडच्या शिक्षिका फळ्यावर लिहितील. उपमा एकच, आणि ती जिथे तुटते ती जागा पानावरच सांगायची. हे शेवटचं बंधन सगळ्यात जास्त वेळ खाणारं निघालं.

शब्दांपासून सुरुवात केली. पान म्हणजे फय, मूळ म्हणजे रासीन, खोड म्हणजे तीज, प्रकाश म्हणजे ल्युमिएर, हरितद्रव्य म्हणजे क्लोरोफिल. हे नाव 1817 साली पॅरिसमधल्या पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी दिलं, म्हणजे शब्द मुळात फ्रेंचच. पर्णरंध्रांना स्तोमात म्हणतात. मुळांकडून वर चढणारं पाणी आणि क्षार म्हणजे सेव्ह ब्र्युत, आणि पानांकडून बाकीच्या झाडाला जाणारा साखरेचा रस म्हणजे सेव्ह एलाबोरे. वायूंची नावं मात्र पक्की करून घ्यावी लागली. झाड जो वायू बाहेर सोडतं त्याला तिकडच्या विज्ञानाच्या वहीत दिऑक्सिजेन लिहितात, कारण त्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजेन हे नाव अणूसाठी राखलेलं. घरात, बातम्यांत कोणी नुसतं ऑक्सिजेन म्हटलं तर चालतं, वहीत नाही. तसंच दिऑक्सीद द कार्बोन.

खरी अडचण आली ती मातिएर मिनेराल आणि मातिएर ऑर्गानिक या जोडीपाशी. फ्रेंच शालेय विज्ञानात वनस्पतीचं पोषण याच जोडीवर उभं आहे. हिरवी वनस्पती मातिएर मिनेराल घेते आणि उजेडात त्यापासून मातिएर ऑर्गानिक बनवते. माझं पहिलं वाक्य तेच होतं: "आ ला ल्युमिएर, ले प्लाँत व्हेर्त फाब्रिक लर मातिएर ऑर्गानिक." मुलीने वाक्य नीट वाचलं, अर्थही सांगितला, आणि मग विचारलं, "ताई, मिनेराल म्हणजे खनिज ना? मग झाड दगडमाती खातं?"

हा प्रश्न फार मोलाचा होता, कारण झाड मातीतूनच वाढतं हा समज मुलांच्या मनात पक्का असतो आणि मिनेराल हा शब्द त्याला आणखी खतपाणी घालतो. तिकडच्या वर्गात मात्र पाणी आणि मातीतले क्षार यांच्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइडही मिनेराल या रकान्यात बसतो. ऑर्गानिक म्हणजे सजीव जे घडवतात ते, म्हणजे साखर, स्टार्च, तेल, प्रथिनं, लाकूड. म्हणून मी पानावर दोन रकाने आखले आणि डाव्या रकान्यात सगळ्यात वर मुद्दाम हवेतला वायू लिहिला, पाणी त्याखाली, क्षार सर्वांत शेवटी. क्रमानेच तिला कळावं की मोठा वाटा कोणाचा आहे.

पण तो वाटा नेमका किती, हे सांगायला मला मदत हवी होती. मी शिकवते ती भाषा. आमच्याच इमारतीत निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. मुलीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काकांनी कागद पुढे ओढला आणि शाळेच्या पुस्तकात असतं ते समीकरण लिहिलं:

6CO2 + 6H2O → C6H12O6 + 6O2

"आता मला सांग," ते तिला म्हणाले, "झाडाने सोडलेला हा ऑक्सिजन आला कुठून?"

"कार्बन डायऑक्साइडमधून. झाड कार्बन ठेवून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं."

"बहुतेक सगळे हेच सांगतात. पण तसं नाही. तो पाण्यातून येतो." काकांनी सांगितलं की 1941 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा जड प्रकार असलेलं पाणी शैवालाला दिलं. तो जड ऑक्सिजन शैवालाने सोडलेल्या वायूत सापडला. जड ऑक्सिजन पाण्याऐवजी कार्बनच्या बाजूने दिला, तेव्हा बाहेरच्या वायूत तो तसा उतरला नाही.

मुलगी समीकरणाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण काका, सहा पाण्यांत ऑक्सिजन सहाच आहेत. बाहेर तर बारा आलेत."

काका इतके खूश झाले की त्यांनी काकूंना आतून हाक मारून हे पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी समीकरण बदललं:

6CO2 + 12H2O → C6H12O6 + 6O2 + 6H2O

बारा पाणी आत जातात, त्यांचे बाराही ऑक्सिजन वायू होऊन बाहेर पडतात, आणि सहा पाणी नव्याने तयार होतात. शाळेच्या पुस्तकात दोन्ही बाजूंचं पाणी वजा करून उरलेलं तेवढं लिहितात. हिशेबाला ते बरोबरच आहे, पण कुठला अणू कुठे गेला ते त्यात दिसत नाही.

मग वजनाचा हिशेब. एका डावाला 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो आणि 180 ग्रॅम साखर बनते. त्या साखरेत 72 ग्रॅम कार्बन आहे, 96 ग्रॅम ऑक्सिजन आणि 12 ग्रॅम हायड्रोजन. कार्बन सगळा हवेतून आलेला. पाण्यातला ऑक्सिजन बाहेर गेला, म्हणजे साखरेतला ऑक्सिजनही हवेतल्या वायूतूनच आला. पाण्याकडून आला फक्त हायड्रोजन. थोडक्यात, 180 पैकी 168 ग्रॅम हवेतून, 12 ग्रॅम पाण्यातून आणि मातीतून काहीच नाही. मातीतले क्षार लागतात, उदाहरणार्थ क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियम आणि नायट्रोजन असतो, पण साखरेच्या वजनात त्यांचा भाग शून्य.

आणि हवेत हा वायू असतो किती? सुमारे 0.04 टक्के. एक घनमीटर हवेत पाऊण ग्रॅमच्या आसपास. मी आमच्या दहा बाय दहाच्या खोलीचा हिशेब केला. उंचीही दहा फूट धरली तर खोलीत अठ्ठावीस घनमीटर हवा मावते, म्हणजे वीस-एकवीस ग्रॅम वायू. पाव किलोलाही कमी भरणारी ती साखर बनवायला अशा बारा-तेरा खोल्यांमधला सगळाच्या सगळा कार्बन डायऑक्साइड झाडाने वेचून घ्यायला हवा. इतक्या विरळ मालावर झाड चालतं, म्हणून पानं पातळ, पसरट आणि रंध्रांनी भरलेली असतात. फळ्यावरच्या आकृतीत हवेचा एक बाण काढून मोकळं होतो आपण. त्या बाणामागे काय आहे ते मला त्या हिशेबाने दिसलं.

हे सगळं पानावर नाही घातलं. सँकिएमच्या मुलीला अणू मोजायची गरज नाही, तिकडे समीकरण शब्दांतच लिहितात. पण पानावर काय लिहायचं नाही हे त्यातून ठरलं. "झाड कार्बन डायऑक्साइडचं ऑक्सिजनमध्ये रूपांतर करतं" अशा अर्थाचं वाक्य फ्रेंचमध्ये लिहायला अगदी सोपं आहे, आणि ते चूक आहे. त्याऐवजी दोन वेगळी वाक्यं लिहिली: "एल आब्सोर्ब द्यु दिऑक्सीद द कार्बोन", ती हा वायू शोषून घेते. "एल रजेत द्यु दिऑक्सिजेन", ती हा वायू बाहेर टाकते. एकातून दुसरा झाला असं कुठेही म्हणायचं नाही. काका म्हणाले, "अपुरं चालेल. पुढे खोडावं लागेल असं नको."

आता उपमा. पान म्हणजे स्वयंपाकघर, ही उपमा मी निवडली, कारण तिचे शब्द मुलीला आधीच येत होते आणि इथल्या पुस्तकातही पानाला अन्न तयार करण्याची जागाच म्हणतात. क्युइझीन म्हणजे स्वयंपाकघर. पाणी खोडातून आलं, वायू स्तोमातच्या खिडक्यांतून आत आला, साखर तयार झाली, दिऑक्सिजेन त्याच खिडक्यांतून बाहेर गेला. इथपर्यंत सगळं जुळतं. मुलीने ते फ्रेंचमध्ये दोनदा सांगितलंही, आणि छान सांगितलं.

प्रश्न आला क्लोरोफिलला कोणती जागा द्यायची इथे. मुलगी चटकन म्हणाली, "क्लोरोफिल आचारी." काकांनी मान हलवली. क्लोरोफिल साखर करत नाही, ते प्रकाश पकडतं. पकडलेल्या ऊर्जेवर पाण्याचे रेणू फुटतात, आणि त्यानंतर साखर बांधण्याचं काम पेशीतले दुसरे रेणू करतात, त्याला क्लोरोफिल लागत नाही. म्हणजे स्वयंपाकघरात क्लोरोफिलची जागा शेगडीची. आचारी म्हणजे आख्खी पेशी. वाक्य बदललं: "ला क्लोरोफिल काप्त ला ल्युमिएर." क्लोरोफिल प्रकाश पकडतं. एवढंच, पुढे काही नाही.

मग खरी अडचण. शेगडीची आच पदार्थ शिजवते आणि विरून जाते. भातात गॅसची आच साठून राहत नाही. पानात नेमकं उलट होतं: प्रकाशाच्या ऊर्जेचा काही भाग साखरेत बांधला जातो, आणि ती साखर जो खाईल, मग ते झाड असो, बकरी असो की आपण, त्याला तीच ऊर्जा परत मिळते. हे सुटलं तर प्रकाशसंश्लेषणाचा गाभाच सुटतो. उपमा बदलून पाहिली, पण दुसऱ्या कशातच माल, खिडक्या आणि तयार पदार्थ इतके सरळ बसेनात. म्हणून उपमा ठेवली आणि तिच्याखाली चौकट आखून इशारा लिहिला: "आताँस्यों! दाँ युन क्युइझीन, ला शालर साँ व्हा. दाँ ला फय, युन पार्ती द लेनेर्जी रेस्त दाँ ल स्युक्र." सावधान, स्वयंपाकघरात उष्णता निघून जाते, पानात ऊर्जेचा एक भाग साखरेत राहतो. "एक भाग" हे शब्द काकांच्या आग्रहाचे. पानावर पडलेल्या प्रकाशातला फार थोडाच साखरेपर्यंत पोचतो, आणि सगळी ऊर्जा राहते असं लिहिलं असतं तर तेही पुढे खोडावं लागलं असतं.

उपमा मुलीला कळली आहे की नुसती पाठ आहे, हे ओळखायचं कसं? मी तिला उपमेबाहेरचा प्रश्न विचारत गेले. "खिडक्या बंद केल्या तर?" याचं उत्तर स्वयंपाकघरावरून देता येतं. "बकरीने पान खाल्लं तर तिला पळायला ताकद कुठून आली?" याचं येत नाही. चौकट लिहिण्याआधी ती "साखरेतून" म्हणून थांबायची. चौकटीनंतर "साखरेतून, म्हणजे उन्हातून" असं म्हणू लागली. तेव्हा मला चौकट ठेवावीशी वाटली.

क्लोरोफिलची गोष्ट तिने डोळ्यांनी बघावी म्हणून मे महिन्यात, पावसाळ्याआधी, आम्ही गॅलरीत प्रयोग केला. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची मनीप्लांटची कुंडी तीन दिवस बंद कपाटात ठेवली, म्हणजे पानातला साठलेला स्टार्च झाडाने वापरून टाकावा. मग सकाळपासून चांगले सहा तास उजेडात. एक पान तोडून आधी कागदावर त्याच्या हिरव्या आणि पांढऱ्या भागांचा नकाशा काढला. हे विसरू नये, कारण नंतर रंग जातो आणि कुठे काय होतं ते सांगता येत नाही. पान उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटं ठेवलं. मग गॅस बंद केला आणि गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटचा ग्लास ठेवून त्यात पान बुडवलं. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे ते थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. मनीप्लांटचं पान जाड असतं, रंग उतरायला वेळ लागला. पाणी गार झालं की ते पुन्हा तापवायचं, पण स्पिरिटचा ग्लास स्वयंपाकघराबाहेर नेऊन ठेवल्यावरच. शेवटी पान फिकट आणि कडक झालं, स्पिरिट हिरवं. पान कोमट पाण्यात धुऊन मऊ केलं आणि त्यावर पातळ केलेलं आयोडीन टाकलं. फ्रेंच वहीत त्याला ओ योदे म्हणतात. जिथे हिरवं होतं तिथे पान काळंनिळं पडलं, जिथे पांढरं होतं तिथे आयोडीनचा पिवळट तपकिरी रंगच राहिला. नकाशा शेजारी धरला तर कडा जुळत होत्या. काळंनिळं होणं म्हणजे आमिदों, स्टार्च. पान दिवसभरात बनवलेली जास्तीची साखर त्या रूपात साठवतं.

या प्रयोगातून काय सिद्ध होत नाही, हेही मी तिला लिहायला लावलं. स्टार्च हिरव्या भागातच बनला एवढं दिसलं. तो हवेतल्या वायूपासून बनला हे यात दिसत नाही. त्यासाठी पान बाटलीत बंद करून त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं रसायन ठेवावं लागतं, आणि ते रसायन कातडी भाजणारं असल्याने घरी करायचं नव्हतं. वजनाचा प्रश्न तर त्याहून कठीण. जिनिव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्युर यांनी बंद भांड्यांत झाडं वाढवून, हवा आणि झाड दोन्ही मोजून, 1804 साली फ्रेंचमध्येच तो हिशेब मांडला: झाडाचं वाढलेलं वजन नुसत्या कार्बनपेक्षा जास्त भरतं, म्हणजे पाण्याचाही त्यात वाटा आहे. काकांच्या कागदावरचे ते 12 ग्रॅम आठवून मुलीला हे लगेच पटलं.

पानाच्या शेवटी तीन प्रश्न ठेवले. पहिले दोन सरळ होते. तिसरा काकांनी सुचवला: रात्री झाड काय करतं? मुलगी म्हणाली, "रात्री श्वास घेतं, दिवसा प्रकाशसंश्लेषण." ही विभागणी मुलांच्या तोंडी इतकी बसलेली असते की ती एका वाक्यात मोडावी लागते: "ला प्लाँत रेस्पीर जूर ए न्युई", झाड रात्रंदिवस श्वसन करतं. दिवसाही दिऑक्सिजेन वापरतच असतं, फक्त भर उन्हात बनवतं त्याहून कमी, म्हणून बाहेर पडताना दिसतो तो दिऑक्सिजेन. कपाटात ठेवलेल्या मनीप्लांटने तीन दिवसांत आपला स्टार्च संपवला तो यामुळेच. मुलीने तेच उदाहरण घेऊन उत्तर फ्रेंचमध्ये लिहिलं, क्रियापदाचं एक रूप मी सुधारलं, आणि श्वसनाचं पान पुढचं म्हणून ठरवून टाकलं.